डाउनलोडचा वेग भरपूर, तरी कॉल तुटतो आणि गेम अडखळतो : जिटर व पॅकेट लॉसचा शोध कसा घ्यावा?

भौतिकी_लातूर

नमस्कार. मी लातूरमध्ये अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवतो. सायंकाळी सात ते नऊ या वेळेत औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या भागांतील मुलांच्या शंका ऑनलाइन सोडवतो. घरी स्थानिक पुरवठादाराचे फायबर कनेक्शन आहे. योजना १०० एमबीपीएसची असून चाचणी केव्हाही घेतली तरी डाउनलोड ९४ च्या आसपास आणि अपलोड १० च्या आसपास दिसते. तरीही वर्ग चालू असताना मुले सांगतात, "सर, आवाज मध्येच गेला, सूत्र अर्धेच ऐकू आले." मला मात्र मुलांचे बोलणे बहुतेक वेळा स्पष्ट ऐकू येते. रेकॉर्ड केलेली व्याख्याने पाहताना ती कधीच थांबत नाहीत. तक्रार केली की माणूस येतो, मोबाइलवर वेगाची चाचणी घेतो, नव्वदच्या पुढचा आकडा दाखवतो आणि तक्रार बंद होते.

वेग चांगला असताना आवाज का तुटतो, आणि दोष माझ्या घरात आहे की बाहेर, हे कसे ठरवावे?

सचिन_जालना

सर, माझ्याकडे अगदी हाच त्रास होता. १०० ची योजना सोडून ३०० ची घेतली, डीएनएस बदलून गूगलचा 8.8.8.8 टाकला आणि त्या दिवसापासून कॉल तुटला नाही. कितीही तपास केला तरी शेवटी मोठी योजना घेतल्याशिवाय गत्यंतर नसते, असे माझे मत आहे.

गोदाकाठ_नांदेड

सचिनराव, तुमचा त्रास गेला हे खरे असणार, परंतु त्यात डीएनएसचा वाटा नसावा. डीएनएसचे काम नावावरून पत्ता शोधण्यापुरते असते. कॉल एकदा जोडला गेला की पुढचे बोलणे त्याच्या वाटेला जात नाही. योजनेबद्दल नंतर बोलू. आधी सरांच्या प्रश्नाकडे येतो.

सर, तुमच्या लिहिण्यातच सर्वांत मोठा धागादोरा आहे. तुम्हाला मुले स्पष्ट ऐकू येतात आणि मुलांना तुम्ही तुटक ऐकू येता, म्हणजे बिघाड तुमच्याकडून बाहेर जाणाऱ्या दिशेला आहे. डाउनलोडचा आकडा नेमका उलट्या दिशेचा असल्यामुळे त्यावरून तुमच्या तक्रारीविषयी जवळजवळ काहीच कळत नाही.

वेगाची चाचणी काय मोजते, तेही पाहू. ती सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि पुष्कळदा तो तुमच्या पुरवठादाराच्या जाळ्यातच बसवलेला असतो. त्याच्याशी ती एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. वाटेत काही पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, गळाली तर ती पुन्हा मागवली जातात, एक जोडणी मंदावली तर दुसऱ्या ती जागा भरून काढतात, आणि शेवटी आकडा चांगलाच येतो. बोलण्याला ही सवलत नसते. आवाजाचे पॅकेट साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५० निघतात. हरवलेले पॅकेट पुन्हा मागवून ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. पॅकेट हरवले नाही पण फार उशिरा पोहोचले, तरी पलीकडचे ॲप ते टाकूनच देते. म्हणून ऐकणाऱ्याच्या दृष्टीने जिटर, म्हणजे पॅकेट पोहोचण्याच्या वेळेतली अनियमितता, आणि पॅकेट लॉस, म्हणजे त्यांची गळती, यांचा परिणाम एकच होतो.

आता तपास. आधी घरातला टप्पा वेगळा काढा. वर्ग चालू असतानाच लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून हे चालवा. ping छोटे पॅकेट पाठवून त्याचे उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दाखवते. पहिल्या आज्ञेतला पत्ता तुमच्या राउटरचा जो असेल तो घाला.

```
ping -n 300 192.168.1.1
ping -n 300 8.8.8.8
```

राउटरपर्यंतच आकडे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा आहे. राउटरपर्यंत १-२ मिलिसेकंद स्थिर आणि बाहेरचेच बिघडत असेल, तर पुढचे पाहू. एकदा वायफायवर आणि एकदा तारेने लॅपटॉप जोडून, असे दोन्ही प्रकारे करा.

अनघा_अंबाजोगाई

हा धागा पाहून बरे वाटले, कारण आमच्याकडेही हीच अडचण आहे. आई अंबाजोगाईजवळच्या गावात असते आणि मी पुण्यात. ॲपवरून कॉल केला की तिचा आवाज यंत्रमानवासारखा येतो, पण तोच कॉल साध्या पद्धतीने, नंबर लावून केला की स्वच्छ ऐकू येतो. दोन्हीकडे मोबाइलचेच नेट आहे. गावात टॉवर एकच आहे, म्हणून रेंज वाढवण्याचे यंत्र बसवावे का?

गोदाकाठ_नांदेड

अनघाताई, तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण सरांकडे फायबर आहे. पण तुमचे निरीक्षण मोलाचे आहे. ४जी वरचा नंबर लावून केलेला कॉलही आता पॅकेटमधूनच जातो. तरीही टॉवरवर त्याच्यासाठी वेगळी, अग्रक्रमाची वाट राखून ठेवलेली असते. ॲपचा कॉल मात्र गावातल्या सगळ्यांच्या व्हिडिओंबरोबर सामान्य डेटाच्या वाटेने जातो. त्यामुळे एक स्वच्छ आणि दुसरा तुटका असेल, तर रेंजपेक्षा टॉवरवरच्या गर्दीचा संशय अधिक धरावा. पहाटे ॲपवरून कॉल करून पाहा. तेव्हा तो स्वच्छ असेल तर यंत्र बसवून काही साधणार नाही. शिवाय परवानगीशिवाय रेंज वाढवणारे यंत्र बसवणे कायद्याने चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

खेळाडू_परभणी

मी बारावीनंतर घरी आहे आणि रात्री मित्रांबरोबर गेम खेळतो. माझ्या पडद्यावर पिंग ३८ दिसतो, तोही हिरव्या रंगात, तरी धावता धावता माझा खेळाडू दोन पावले मागे ओढला जातो आणि मी मारलेली गोळी लागतच नाही. मित्र म्हणतात की सर्व्हर दूर असल्यामुळे असे होते. गोदाकाठ दादा, हे बरोबर आहे का?

गोदाकाठ_नांदेड

अंतरामुळे येणारा विलंब स्थिर असतो. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. परभणीहून मुंबईपर्यंतची तार ५०० किलोमीटरची धरली तरी जाण्यायेण्याला ५ मिलिसेकंद लागतील. तार वळणावळणाने जात असेल तर थोडे अधिक. असा विलंब कमी-जास्त होत नाही, आणि गेमने त्याचा हिशोब आधीच धरलेला असतो. मागे ओढले जाणे म्हणजे तुमच्या हालचालींची काही पॅकेट सर्व्हरला मिळालीच नाहीत किंवा गठ्ठ्याने उशिरा मिळाली. तोपर्यंत तुमच्या फोनने अंदाजाने तुम्हाला पुढे नेलेले असते आणि मग सर्व्हर तुम्हाला खऱ्या जागी परत आणतो. पडद्यावरचा ३८ हा बहुधा सरासरीचा आकडा असतो. त्यात एखाद्या पॅकेटचे ३०० मिलिसेकंद बुडून जातात.

खेळाडू_परभणी

मग माझा संशय वायफायवर जातो. आमच्या गल्लीत प्रत्येक घरी राउटर आहे आणि माझा फोन २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला असतो, कारण ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल गच्चीवर पोहोचत नाही. राउटरच्या खोलीत बसून ५ वर खेळलो की त्रास बराच कमी होतो. पूर्ण जात मात्र नाही.

बालाघाट_बीड

एवढा खटाटोप कशाला करायचा? आजकाल बहुतेक राउटरमध्ये अग्रक्रम ठरवण्याची सोय असते. त्यात लॅपटॉपला पहिला क्रमांक द्यावा, विषय संपला. तारेने जोडण्याचा आग्रहही मला अनावश्यक वाटतो. वायफायवर शंभरचा वेग मिळत असेल, तर १०० किलोबिटसुद्धा न लागणाऱ्या आवाजाला तेच वायफाय अपुरे पडते, हे पटत नाही.

गोदाकाठ_नांदेड

वायफाय अपुरे पडत नाही. ते अनियमित होते. शेजारचे राउटर त्याच चॅनलवर बोलत असतील तर आपल्या राउटरला थांबावे लागते, आणि पॅकेट बिघडले तर ते पुन्हा पाठवावे लागते. ही पुनरावृत्ती वायफाय स्वतःच करते, त्यामुळे गळती सहसा दिसत नाही. एखादे पॅकेट २ मिलिसेकंदांत आणि पुढचे १५० मध्ये जाते, इतकेच. डाउनलोडला त्याने फरक पडत नाही, बोलण्याला पडतो. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ हे तीनच आहेत. दाट वस्तीत ते तिन्ही भरलेले असतात. अग्रक्रमाबद्दल मात्र सरांचे आकडे आल्यावर बोलू, कारण रांग नेमकी कुठे साठते यावर ते अवलंबून आहे.

भौतिकी_लातूर

आकडे आणले आहेत. वायफायवर राउटरपर्यंत सहसा २ ते ५ मिलिसेकंद लागतात, पण मध्येच १२०, १८० अशी उडी येते. तारेने जोडल्यावर सर्व ३०० उत्तरे १ मिलिसेकंदाच्या आत आली आणि एकही गळाले नाही. म्हणून आता वर्ग तारेवरच घेतो आहे. आवाज थोडा सुधारला, तरी सात-साडेसातनंतर पुन्हा तुटतोच.

तारेवर असताना 8.8.8.8 चे आकडे मला चक्रावून टाकणारे वाटले. दुपारी ते १४ ते १८ मिलिसेकंदांत स्थिर होते. सायंकाळी काही मिनिटे तसेच राहतात, मग एकदम ४००, ६५०, ८२० असे चढत जातात, मध्येच एक-दोन उत्तरे येत नाहीत, आणि थोड्या वेळाने आपोआप १६ वर उतरतात. राउटरपर्यंतचे आकडे त्या वेळीही १ च्या आतच असतात.

गोदाकाठ_नांदेड

हळूहळू चढून नंतर उतरणारा आकडा म्हणजे रांग भरते आहे आणि रिकामी होते आहे. तार खराब असती तर पॅकेट गळाली असती, पण विलंब असा पायऱ्यापायऱ्यांनी वाढला नसता. सर, त्या वेळी घरातून काय काय वर चढत असते? कॅमेरे, फोनमधील फोटोंचा बॅकअप, रेकॉर्ड केलेले तास अपलोड करणे, असे काही आहे का?

भौतिकी_लातूर

शिकवणीच्या खोलीत आणि जिन्यात मिळून चार कॅमेरे आहेत आणि त्यांचे चित्रण सतत क्लाउडवर जाते. कॅमेऱ्यांच्या पानावर प्रत्येकी २ एमबीपीएस असे लिहिलेले दिसते. शिवाय मुलगा सातच्या सुमारास घरी येतो. त्याचा फोन घरच्या वायफायला लागला की फोटो आणि व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो. तुम्ही विचारेपर्यंत या दोन गोष्टींचा मी एकत्र विचार केला नव्हता.

गोदाकाठ_नांदेड

मग हिशोब जुळतो. कॅमेरे ८ घेतात, तुमच्याकडे वर जायला १० आहेत, म्हणून दिवसभर सगळे ठीक चालते. बॅकअप सुरू झाला की तो उरलेले २ तर घेतोच, शिवाय जितके शिरता येईल तितके आत ढकलत राहतो. वर जाणारी वाट १० च्या पुढे नेऊ शकत नाही, म्हणून जास्तीची पॅकेट मोडेममध्ये रांगेत थांबतात. अशी रांग १ मेगाबाइटची असेल, तर ती ८ मेगाबिट झाली, आणि १० एमबीपीएसने ती उपसायला ०.८ सेकंद लागतात. तुम्हाला दिसलेले ८२० मिलिसेकंद तिथूनच येतात. ती पूर्ण भरली की नवे पॅकेट सरळ टाकून दिले जाते. तीच तुमची न आलेली एक-दोन उत्तरे. सोयाबीनच्या हंगामात मार्केट यार्डाच्या काट्यापुढे ट्रॅक्टर लागलेले असताना एकच कट्टे घेऊन आलेल्या माणसालाही त्यांच्यामागेच थांबावे लागते, तशी तुमच्या आवाजाच्या छोट्या पॅकेटची गत होते. या प्रकाराला बफरब्लोट असे नाव आहे.

आता बालाघाट यांच्या अग्रक्रमाकडे येतो. रांग राउटरमध्ये असेल तरच राउटर तिच्यातला क्रम बदलू शकतो. सरांकडे राउटरची तार मोडेमला १०० च्या वेगाने जोडलेली आहे. ९४ या आकड्यावरून ते दिसते. राउटर आलेले सगळे लगेच पुढे ढकलतो आणि रांग त्याच्या पुढच्या यंत्रात साठते, तिथे आपला अग्रक्रम कोणी वाचत नाही. म्हणून आधी राउटरमध्ये अपलोडची मर्यादा ८.५ ते ९ एमबीपीएस अशी, खऱ्या वेगापेक्षा मुद्दाम कमी ठेवावी लागते. मग रांग राउटरमध्ये येते आणि तिथे fq_codel किंवा CAKE यांसारखी पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट देते. OpenWrt ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर हे SQM या नावाने मिळते. पुरवठादाराने दिलेल्या साध्या राउटरवर बहुधा मिळणार नाही.

ते नसेल तर कॅमेऱ्यांचा वेग प्रत्येकी १ वर आणा आणि बॅकअप रात्री अकरानंतर चालू ठेवा. खर्च काहीच नाही.

बालाघाट_बीड

मर्यादा मुद्दाम कमी ठेवण्याचा भाग मला नवा आहे. माझ्या राउटरमध्ये अग्रक्रम लावूनही काही वेळा फरक का पडत नसे, याचे हे कारण असू शकते. तरीही विकत घेतलेल्या वेगातला दहावा हिस्सा सोडून द्यावा, हे मनाला रुचत नाही.

सचिन_जालना

एक सांगावेसे वाटते. आताच जुने बिल काढून पाहिले. १०० च्या योजनेत माझे अपलोड १० होते आणि ३०० च्या योजनेत ते ५० आहे. म्हणजे उपयोग झाला तो या आकड्याचा, असे गोदाकाठ म्हणणार का?

गोदाकाठ_नांदेड

होय, तसेच वाटते. तुमच्या घरातून वर जाणारे सगळे मिळून ५० पर्यंत पोहोचत नसेल, तर रांग साठतच नाही. म्हणून मोठी योजना हा चुकीचा उपाय नाही, तो महागडा उपाय आहे, आणि घेताना अपलोडचा आकडा विचारून घ्यावा. गळती बाहेरच्या तारेत असेल तर मात्र ३०० काय आणि १००० काय, काहीही उपयोग नाही.

खेळाडू_परभणी

आमच्या घरी कॅमेरे नाहीत आणि बॅकअपही बंद आहे. मी फोन सोडून भावाच्या लिनक्स लॅपटॉपवर, तारेने जोडून, वाटेतल्या प्रत्येक ठिकाणची गळती आणि विलंब दाखवणारे mtr चालवले. तिसऱ्या ठिकाणी ६२ टक्के गळती दिसते! हे पुरवठादाराला पाठवू का?

```
HOST: laptop           Loss%  Snt  Last   Avg  Best  Wrst StDev
  1.|-- 192.168.1.1     0.0%  300   0.6   0.7   0.4   3.1   0.3
  2.|-- 10.20.0.1       0.0%  300   3.9   4.2   2.8  11.0   1.1
  3.|-- 10.20.8.5      62.0%  300   8.8   9.1   6.3  40.2   4.7
  4.|-- 8.8.8.8         0.0%  300  16.9  17.0  15.2  29.4   1.6
```

तेरणाकाठ_धाराशिव

मी स्वतः धाराशिव जिल्ह्यात छोटे केबल आणि इंटरनेटचे जाळे चालवतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देतो. हे पाठवू नका. तिसऱ्या ठिकाणी खरोखर ६२ टक्के गळत असते, तर त्याच्या पलीकडच्या चौथ्या ठिकाणी किमान तेवढीच गळती दिसायला हवी होती. तिथे शून्य आहे. मधले मोठे राउटर दुसऱ्यांची पॅकेट पुढे नेण्याला प्राधान्य देतात आणि स्वतः उत्तर देण्याचे काम मर्यादित ठेवतात, म्हणून असे दिसते. गळती एखाद्या ठिकाणी सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकली, तरच ती खरी माना. हा तक्ता कोणत्या वेळचा आहे, तेही लिहिलेले नाही. त्रास रात्री होत असेल तर रात्रीचाच तक्ता घ्या.

पुरवठादाराच्या बाजूनेही थोडे सांगतो. "नेट स्लो आहे" अशी तक्रार आली की आमचा माणूस वेगच मोजणार, कारण त्याच्याकडे तेवढेच साधन असते. ग्राहकाने वेळ लिहून दिली तर आम्हाला पुष्कळ कळते. घरातले अपलोड चालू असतानाच त्रास होत असेल, तर तो सरांसारखा घरचा प्रश्न. दिवसभर, अगदी पहाटेसुद्धा दुसऱ्या ठिकाणापासून थोडी थोडी गळती असेल, तर फायबर पाहावे लागते. खिडकीतून आत घेताना तार घट्ट वळलेली असते, जोडणीच्या टोकाला धूळ बसलेली असते, नाहीतर रस्त्याच्या कामात कापलेली तार घाईने जोडलेली असते. मोडेमच्या पानावर Rx Power, म्हणजे मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असा आकडा असतो. तो उणे २७ डीबीएमच्या खाली, म्हणजे उणे २८, उणे २९ असा गेला की चुका होणार. उणे २० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहावे. आणि फक्त रात्री आठ ते अकरा असाच त्रास असेल, तर बहुधा आमचा वरचा मार्ग, म्हणजे आमच्या जाळ्यातून बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा, भरलेला असतो. तो वाढवायला पैसे लागतात, म्हणून त्यावर अनेक जण उत्तर द्यायचे टाळतात, हेही खरे आहे. अशा वेळी चाचणीचा सर्व्हर आमच्याच जाळ्यात असेल, तर वेग उत्तमच दिसणार, कारण ती वाहतूक भरलेल्या मार्गावरून जातच नाही.

खेळाडू_परभणी

तक्ता दुपारचा होता. रात्री दहा वाजता पुन्हा घेतला. दुसऱ्या ठिकाणी शून्य, पण तिसऱ्यापासून शेवटपर्यंत २ ते ३ टक्के टिकून आहे. Rx Power उणे २१.३ आहे. म्हणजे माझ्या बाबतीत वरचा मार्गच का?

तेरणाकाठ_धाराशिव

लक्षणे तशीच आहेत, पण एका रात्रीवरून मी ठाम सांगणार नाही. आणखी काही रात्री याच वेळी आणि एकदा पहाटे घ्या, दुसऱ्या एखाद्या पत्त्याकडेही करून पाहा, आणि वेळेसह पाठवा. तुमच्याच पुरवठादाराचे कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे तेच दिसले, तर बोलायला जागा राहणार नाही.

अनघा_अंबाजोगाई

सकाळी सहाला आईला ॲपवरून फोन केला, आवाज स्वच्छ होता. रात्री पुन्हा तसाच फुटला. यंत्र बसवण्याचा विचार सोडला आहे. एक शंका मात्र राहते: २ टक्के गळतीने खेळाडूचा एवढा खोळंबा होतो आणि सरांचे विद्यार्थी तर शब्दच गेल्याचे सांगतात. शंभरातली दोनच पॅकेट ना?

गोदाकाठ_नांदेड

ती दोन कशी जातात, यावर सगळे अवलंबून आहे. विखरून गेली, तर २० मिलिसेकंदांची पोकळी ॲप मागच्या आवाजावरून भरून काढते आणि कानाला कळतही नाही. पण ५०० मधली १० सलग गेली तर सरासरी २ टक्केच राहते आणि २०० मिलिसेकंदांचा आवाज नाहीसा होतो. तेवढ्यात "नाही" हा शब्द संपतो. रांग भरली की पॅकेट अशीच गठ्ठ्याने जातात. सेकंदाला एकच ping पाठवून असे गठ्ठे नीट सापडत नाहीत. लिनक्सवर अंतर कमी करता येते:

```
ping -i 0.2 -c 1500 8.8.8.8
```

उत्तरांच्या यादीत icmp_seq चे कोणते क्रमांक लागोपाठ गायब आहेत ते पाहावे. Zoom वापरत असाल तर सेटिंगमध्ये Statistics या पानावर आवाजाची गळती आणि जिटर पाठवण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे असे दिसतात. सर, तुम्ही पाठवण्याचा रकाना पाहा.

भौतिकी_लातूर

कॅमेरे प्रत्येकी १ वर आणले आणि बॅकअप रात्री अकरानंतर ठेवला. आता सायंकाळी 8.8.8.8 पर्यंत १५ ते २५ मिलिसेकंद राहतात आणि ८०० चे आकडे दिसत नाहीत. Zoom मध्ये पाठवण्याची गळती बहुतेक वेळ शून्य असते. उदगीरचे विद्यार्थी सूत्र पूर्ण ऐकू येते असे सांगतात. निलंग्याच्या एका मुलाकडे अजून तुटते, पण तो मोबाइलच्या नेटवर आहे आणि बाकीच्यांना त्याच वेळी मी स्पष्ट ऐकू येतो, म्हणून तो प्रश्न त्याच्या बाजूचा धरतो.

मात्र शनिवारी आठच्या सुमारास पाठवण्याची गळती काही मिनिटे ३ टक्क्यांवर गेली होती, आणि तेव्हा घरातून कॅमेऱ्यांखेरीज काहीच वर जात नव्हते. विंडोजवर mtr नाही, त्यामुळे हे कसे पकडावे?

तेरणाकाठ_धाराशिव

विंडोजवर pathping आहे. पण ते टप्पे मोजून आकडे दाखवायला काही मिनिटे घेते, तोवर तुमचा त्रास निघून जाईल. त्यापेक्षा tracert -d 8.8.8.8 चालवून दुसऱ्या ओळीवरचा पत्ता लिहून ठेवा. वर्गाच्या वेळी ping -t च्या तीन खिडक्या चालू ठेवा: एक राउटरला, एक त्या दुसऱ्या पत्त्याला, एक बाहेर. गळती आली त्या क्षणी ती कोणत्या खिडकीपासून सुरू झाली, ते वेळेसह टिपून घ्या. दुसऱ्या खिडकीतच आली तर घरापासून पुरवठादारापर्यंतची तार आणि एका फायबरमधून अनेक घरांना जोडणी देणारा त्यावरचा स्प्लिटर तपासायला सांगा. फक्त तिसऱ्या खिडकीत आली तर परभणीच्या मुलासारखा वरच्या मार्गाचा विषय असेल. शनिवारच्या एका वेळेवरून यांपैकी काय, ते आज सांगता येणार नाही.

भौतिकी_लातूर

दुसरा पत्ता मिळाला आहे आणि तो ping ला उत्तरही देतो. सोमवारच्या वर्गापासून तिन्ही खिडक्या चालू ठेवतो आणि गळती सापडली की वेळेसह इथे टाकतो.